उलटी लावलेली चकती

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी सहा महिने कागलच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाची पावडर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात शिकाऊ म्हणून होते. सकाळी सव्वासातला कोल्हापुरात कावळा नाक्यावर कंपनीची बस यायची. श्रावणात ओढणी रात्रभर दोरीवर असूनही दमट राहायची आणि तशीच अंगावर घेऊन मी खिडकीशी बसायचे. त्या सहा महिन्यांतलं आठवायला बसले की आधी आठवतो तो थकवा. काम फार अवघड होतं असं नाही. दिवसभर उभं राहायचं, दिवसभर आपलं काही चुकत तर नाही ना असं वाटत राहायचं, आणि संध्याकाळी कुणाशी बोलायचं त्राण उरायचं नाही.

माझ्याकडे प्रयोगशाळेतलं एक यंत्र होतं. पावडरीत पाणी किती आहे ते मोजायचं. सगळे त्याला केएफ म्हणत. काचेचं एक बंद भांडं, त्यात मिथेनॉल, वरून नळीतून येणारं तपकिरी रिएजंट. ते रिएजंट फक्त पाण्याशी भिडतं. नमुना भांड्यात टाकला की त्यातलं पाणी संपेपर्यंत यंत्र रिएजंट सोडत राहतं, आणि किती मिलिलिटर लागलं त्यावरून पाण्याचा आकडा काढतं. पण त्यासाठी एक मिलिलिटर रिएजंट किती मिलिग्रॅम पाणी खातं हे आधी ठाऊक असावं लागतं. त्याला आम्ही फॅक्टर म्हणायचो. तो रोज सकाळी काढायचा, कारण रिएजंट दिवसागणिक थोडं उतरत जातं.

फॅक्टर काढायचं काम मला आवडायचं. काचेच्या छोट्या बंद कुपीत पाण्याचं स्टँडर्ड येतं. एका ग्रॅममध्ये बरोबर दहा मिलिग्रॅम पाणी, असा दाखला सोबत असतो. कुपीची मान मोडायची, थोडं ओढून सिरिंज विसळायची, मग उरलेलं भरून घ्यायचं. सिरिंजचं वजन करायचं, भांड्याच्या तोंडावरच्या रबरी चकतीतून सुई घालून साधारण एक ग्रॅम सोडायचं, सिरिंजचं पुन्हा वजन करायचं. दोन्हींतला फरक यंत्राला सांगायचा. असं तीनदा. तीन आकडे एकमेकांजवळ आले की मी वहीत सरासरी लिहून खाली सही करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणाच्या सहीला असं काम नव्हतं. आई अंगठा देते, वडील मोठ्या अक्षरांत नाव काढतात. त्यामुळं असेल, पण ती सही मी जरा जास्तच जपून करायचे.

ड्रायरवर एक मामा होते. वय पन्नाशीच्या आसपास, कागलजवळच्याच एका गावचे. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. ओली पावडर ट्रेमध्ये पसरून गरम हवेवर वाळवायची, वेळ झाली की काढायची, हे त्यांचं काम. अकरा वर्षं ते कंत्राटावर होते. त्या महिन्यात त्यांना कायम करायचा कागद कारखान्याच्या साहेबांच्या टेबलावर गेला होता. दुपारी बाराच्या सुमाराला मालाचा नमुना घेऊन ते स्वतः प्रयोगशाळेच्या खिडकीशी यायचे.

"घ्या ताई, पापडागत वाळलाय."

"मामा, ते यंत्र सांगेल."

"यंत्राला काय कळतंय? त्येला हात हायती का?"

हा रोजचा संवाद. मग ते हसायचे आणि पायऱ्या उतरून जायचे.

पाण्याची मर्यादा होती शून्य पूर्णांक पाच टक्के. त्या आठवड्यात सोमवारी माझा आकडा आला शून्य पूर्णांक अठ्ठावन्न. मंगळवारी शून्य पूर्णांक चौसष्ट. बुधवारी छप्पन्न. तीन बॅचेस ओळीनं नापास. पिंपं गोदामात लाल चिठ्ठ्या लावून बाजूला ठेवली गेली. तिन्ही पानांवर खाली माझी सही होती.

गुरुवारी सकाळी कळलं की साहेबांनी मामांना लेखी नोटीस द्यायचं ठरवलंय. माल वेळेआधी बाहेर काढतात, असं त्यात लिहायचं होतं. शनिवारी तिच्यावर सह्या होणार होत्या. अशी नोटीस एकदा फाइलला लागली की कायम करायचा कागद परत जातो, हे मला पॅकिंगमधल्या बायकांनी सांगितलं. चहाच्या वेळी त्या सरळ माझ्याकडं बघूनच बोलत होत्या.

"मामाचा घास घेतला की गं यंत्रानं."

"यंत्रानं कुठं? चालवणारी हाय की एक."

मी कप धुऊन ठेवला आणि आत गेले. त्यांना मी काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर त्या वेळेपर्यंत मला एक गोष्ट आतून टोचायला लागली होतीच.

ती अशी. दोन आठवड्यांपूर्वी यंत्राच्या तोंडावरची रबरी चकती टोचून टोचून मधे चाळणीसारखी झाली होती. नवी चकती हवी तर स्टोअरमध्ये चिठ्ठी द्यावी लागते आणि चिठ्ठीवर मॅडमची सही लागते. मॅडम म्हणजे आमच्या वरिष्ठ. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या, वीस वर्षं याच कामात मुरलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता आणि डोकं दुखत असल्यासारखा चेहरा. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. एका रबराच्या तुकड्यासाठी त्यांना कशाला उठवायचं, असं वाटलं. मग मी चकती काढली, उलटी केली आणि पुन्हा बसवली. आमच्याकडं चंदगडला घरात कुठलीच वस्तू एका बाजूनं संपत नाही. चादर उलटी होते, वहीची मागची पानं वापरली जातात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, कुणाला त्रास न देता भागवलं, असंच वाटलं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. केएफच्या पडद्यावर एक आकडा सतत दिसतो, ड्रिफ्टचा. भांड्यात नमुना टाकलेला नसतानाही आतला ओलावा मारत राहायला यंत्राला मिनिटाला किती मायक्रोलिटर रिएजंट सोडावं लागतंय, तो आकडा. भांडं नीट बंद असेल तर तो पाच-आठवर बसतो. आमच्या यंत्राला सांगून ठेवलेलं होतं की हा आकडा वीसच्या खाली आल्याशिवाय चाचणी सुरू करायची नाही. सकाळी तो बारा-तेराला असायचा. पण सोमवारपासून दुपारी तो विसाच्या खाली यायलाच तयार होईना. पडद्यावर 'थांबा' असं येत राहायचं. खिडकीशी मामा उभे, उत्पादनातून फोन, आणि यंत्र म्हणतंय थांबा. चातुर्मासात मॅडम दिवस मावळायच्या आत जेवत, म्हणून त्या पाचला निघायच्या, आणि त्याआधी सगळ्या वह्या त्यांच्यापुढं जायला हव्यात. मी सेटिंगमध्ये गेले आणि वीसच्या जागी पन्नास केलं. यंत्र लगेच 'तयार' म्हणालं. माझ्याआधीच्या शिकाऊ मुलीनं मला जाताना सांगितलं होतं, अडलं तर असं करायचं म्हणून. पासवर्ड यंत्राच्या कडेलाच चिकटवलेला होता.

ड्रिफ्ट म्हणजे काय हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. तो चढला तर बाहेरची दमट हवा कुठून तरी आत शिरत असावी, हेही मी उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं. पण समोर अडतीसचा आकडा दिसत असताना मला तो फक्त अडथळा वाटला.

गुरुवारी दुपारी मॅडम माझ्या वह्या घेऊन यंत्रापाशी आल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. पाय दुखत असावेत, चप्पल काढून त्यांनी पाय स्टुलाच्या दांड्यावर ठेवले.

"फॅक्टर बघ," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात चार पूर्णांक शहाण्णव. मग नव्वद. आज पंच्याऐंशी. काय वाटतं?"

"रिएजंट जुनं होतंय, मॅडम."

"जुनं होतंच. पण बाटली पंधरा दिवसांची आहे, इतक्या घाईनं उतरत नाही." त्यांनी पडद्याकडं बघितलं. ड्रिफ्ट छत्तीस होता. "हे कधीपासून?"

"दुपारी चढतो, मॅडम. सकाळी कमी असतो."

"आणि फॅक्टर कधी काढतेस?"

"सकाळी."

"नमुना?"

"दुपारी."

त्यांनी वह्या मिटून बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "एक कुपी फोड. फॅक्टर नको काढू. स्टँडर्डच नमुना म्हणून चालव. किती सांगतंय बघू."

हे मला कधी सुचलं नव्हतं. मी कुपी मोडली, सिरिंज विसळली, वजन घेतलं. सुईच्या टोकावर थेंब राहू नये म्हणून दट्ट्या जरा मागं ओढून घेतला. एक ग्रॅम आत सोडलं. यंत्र रिएजंट सोडत राहिलं. सव्वातीन मिनिटं लागली. पडद्यावर आलं दहा पूर्णांक सहा.

कुपीच्या दाखल्यावर दहा लिहिलेलं होतं.

"पुन्हा कर."

पुन्हा दहा पूर्णांक सहा. तिसऱ्यांदा साडेदहाच्या जरा वर.

"जास्तीचं पाणी कुपीत नाही," मॅडम म्हणाल्या. "हवेतलं आहे. यंत्राला कसं कळणार कुठलं पाणी कुणाचं? मिनिटाला छत्तीस-अडतीस मायक्रोलिटर ते नुसत्या हवेसाठी खर्च करतंय, आणि बिल नमुन्याच्या नावावर लावतंय. आता हिशेब मांड."

मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. सव्वातीन मिनिटं, म्हणजे एक अष्टमांश मिलिलिटरच्या आसपास फुकट गेलं. कुपीला दोन मिलिलिटर लागतं, तिथं ही चूक शंभरात सहा. पण मामांच्या पावडरीत पाणीच इतकं कमी की तिला जेमतेम अर्धा मिलिलिटर लागतं. त्यात तेवढंच फुकटचं मिसळलं तर चूक शंभरात पंचवीसपर्यंत जाते. माल जितका कोरडा, तितकं यंत्राचं खोटं मोठं. मी पेन्सिल खाली ठेवली.

"मॅडम, ड्रिफ्ट वजा करायची सोय असते ना त्यात?"

"असते, आपल्या मेथडमध्ये बंद आहे. आणि चालू असली तरी ती स्थिर ड्रिफ्टसाठी. हा तर तासातासाला चढतोय. चढत्या आकड्यातून काय वजा करशील?" मग त्यांनी सेटिंग उघडलं आणि पन्नासचा आकडा बघितला. "ही मर्यादा कुणी वाढवली?"

आधीची मुलगी आता पुण्याला होती. पासवर्ड सगळ्यांचा एकच. मी 'माहीत नाही' म्हणाले असते तर ते तिथंच संपलं असतं. मी काहीच म्हणाले नाही. मॅडमनीही परत विचारलं नाही. "आधी गळती कुठं ते शोध," एवढंच म्हणून त्या उठल्या.

गळती शोधणं हे कंटाळवाणं काम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग वाट बघत बसायचं. आधी भांड्यातलं मिथेनॉल काढून ताजं भरलं. जुन्या नमुन्याचा काही अंश आत राहून हळूहळू पाणी सोडत असेल, तर ताज्या द्रवात ड्रिफ्ट उतरून खालीच राहायला हवा. तो तेवढ्यापुरता खाली आला आणि पाऊण तासात परत तिसाच्या पुढं जाऊन बसला. म्हणजे पाणी आतलं नव्हतं, बाहेरून येत होतं. मग हवा कोरडी करणाऱ्या नळीतले मणी बदलले. त्यांच्यातले खुणेचे निळे दाणे ओलावा धरून कधीच गुलाबी झाले होते, तेही मी बघितलं नव्हतं. ड्रिफ्ट पाच-सहानं उतरला आणि थांबला. काचेच्या सांध्यांना ग्रीस पुसून नवं लावलं. काही फरक नाही.

उरली चकती. सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी हे माहीत असूनही मी ती शेवटी ठेवली होती, हे मला तेव्हाच कळत होतं. मी चिठ्ठी लिहिली आणि मॅडमच्या टेबलाशी गेले. त्यांनी सही केली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

जुनी चकती काढून मी उजेडाकडं धरली. दोन्ही बाजूंनी टोचलेली. मधे एक भोक असं होतं की त्यातून खिडकीबाहेरचं राखाडी आभाळ दिसलं. रोज सकाळी मी ती काढून, पुसून घट्ट आवळून बसवायचे, म्हणून सकाळी भोक मिटल्यासारखं असायचं आणि ड्रिफ्ट कमी दिसायचा. दिवसभर टोचणं चालायचं, भोक मोठं व्हायचं, जेवणानंतर वातानुकूलन बंद केलं की खोलीही दमट व्हायची. नवी चकती बसवली. चाळीस मिनिटांनी ड्रिफ्ट सातवर येऊन थांबला आणि तिथून हलला नाही. स्टँडर्ड चालवलं. दहा पूर्णांक शून्य दोन.

साडेचार वाजले होते. मॅडम पर्स आवरत होत्या. मी चकती तळहातावर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले.

"मॅडम, ही मी उलटी करून लावली होती. आणि पन्नास मीच केलं."

त्यांनी चकती बघितली, मग माझ्याकडं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मागितली का नाहीस?"

"तुम्ही कामात होता."

"मी रोजच कामात असते गं." त्यांनी पर्स परत खाली ठेवली आणि कपाटातून चुकीच्या नोंदीचा फॉर्म काढला. "लिही. स्वतःच्या अक्षरात लिही. कुणी, कधी, काय केलं. 'चुकून' असा शब्द घालू नकोस. त्यानं कुणाला काही कळत नाही."

त्या दिवशी त्या पाचला निघाल्या नाहीत. घरी फोन करून आज जेवण नको, नुसतं दूध घेईन म्हणाल्या. मी एक पान लिहिलं. सही करताना वेळ लागला.

शुक्रवारी सकाळी ताजा फॅक्टर काढला. चार पूर्णांक नव्वद आला. रिएजंट थोडं उतरलं होतंच, पण मला वाटलं होतं तितकं नाही. गोदामातल्या तिन्ही बॅचेसच्या पिंपांतून नवे नमुने काढले. मामांना कळलं होतं. ते खिडकीशी येऊन थांबले, पण नेहमीचं काही बोलले नाहीत. पहिली बॅच शून्य पूर्णांक सत्तेचाळीस. पास. तिसरी पंचेचाळीस. पास. मधली त्रेपन्न. मी ती परत चालवली. त्रेपन्नच. स्टँडर्ड टाकून बघितलं, दहाला दहा. मग तिसऱ्यांदा मंगळवारची पावडर. बावन्न.

मी बाहेर गेले. "मामा, दोन पास आहेत. माझीच चूक होती, भांड्यात हवा शिरत होती. मी तसं लिहून दिलंय."

"बरं झालं की मग."

"पण मंगळवारचा माल अजून जास्तच दाखवतोय. थोडासाच. मी तीनदा बघितलं."

मला वाटलं ते चिडतील. यंत्र आजही खोटंच बोलत असेल, असं म्हणायचा त्यांना हक्क होता. ते कठड्याला टेकले आणि खाली ड्रायरच्या पत्र्याकडं बघत राहिले.

"त्यो वल्लाच हाय," ते म्हणाले. "मंगळवारी धाकटीला बघायला पावणं येणार हुतं. अर्धा तास आधी काढला मी. हाताला कळालं हुतं, पण म्हटलं चालतंय."

"मग त्या दिवशी पापडासारखा वाळलाय म्हणालात?"

"म्हणालो की." मग माझ्याकडं वळून, "तुमी लिवून दिलं म्हणता?"

"हो."

"सायबानं काय केलं?"

"अजून वाचलं नसेल."

माझे वडील काजूच्या कारखान्यात गर वाळवायच्या भट्टीवर आहेत. तेही मूठभर गर हातात घेऊन वाळल्याचं सांगतात, आणि एखाद्या दिवशी ते बरोबर नसणार हे मला त्या क्षणापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

"चला," मामा म्हणाले, "जाऊ वर दोघंबी. येकटं जायला पाय उचलत न्हाईत."

आम्ही वर गेलो. साहेबांच्या दाराबाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. आत मॅडमचा आवाज येत होता, शांत, एकसुरी, जसा त्या आकडे वाचून दाखवताना असतो. आम्ही पाऊण तास बसलो. मामांनी एकदा डुलकीही काढली. रात्रपाळीतल्या माणसाच्या बदली त्यांनी सकाळपर्यंत काम केलं होतं, हे मला नंतर कळलं.

नोटीस निघाली नाही. मंगळवारचा माल पुन्हा वाळवायला पाठवला आणि त्या एका बॅचपुरती मामांना तोंडी समज दिली. फाइलला काही लागलं नाही. त्यांचा कायम करायचा कागद परत आला नाही, पण पुढंही लगेच सरकला नाही. मी तिथून निघेपर्यंत तो साहेबांच्या टेबलावरच होता. माझ्या प्रशिक्षणाच्या दाखल्यावर 'समाधानकारक' असं आलं. इतर मुलींच्या दाखल्यावर 'उत्तम' होतं. यंत्राच्या कडेचा पासवर्डचा कागद मॅडमनी काढून टाकला.

शनिवारपासून मी फॅक्टर सकाळी काढायचे आणि जेवणानंतर एक कुपी नमुना म्हणून चालवायचे. त्यामुळं रोज अर्धा तास वाढला. बसमध्ये परतताना मी बहुतेक वेळा झोपूनच असायचे, शहराच्या अलीकडची उजळाईवाडी आली की कुणीतरी हलवायचं. दर सोमवारी चकतीची चिठ्ठी घेऊन मी मॅडमच्या दाराशी जायचे. त्या मान वर न करता हात पुढं करायच्या.

बारा वाजता मामा नमुना घेऊन खिडकीशी यायचे. पापडाचं नाव त्यांनी परत काढलं नाही. पिशवी पुढं करून विचारायचे, "ताई, आज तुमचं भांडं कसं हाय?"

"सातवर आहे, मामा."

"मग घ्या."